दारातली चौकोनी फट

तिजानीकाकांचा शुक्रवार शेवटचा. अकरा वर्षं ट्यूनिसच्या एका संग्रहालयात पहारेकरी म्हणून एकाच कोरीव दारापाशी उभं राहून ते निवृत्त होणार होते. सोमवारी ते पाट्या लिहिणाऱ्या रफीकाच्या टेबलापाशी आले.

"पोरी, माझ्या दाराची पाटी बदलतेस म्हणे?"

"बदलतेय कसली काका, चघळतेय! डॉक्टरसाहेबांनी एकशे नव्वद शब्द दिलेत. मला साठात बसवायचेत. माणूस उभ्याउभ्या त्याहून जास्त वाचत नाही."

"त्यात त्या फटीचं काय लिहिलंय?"

रफीकाने संग्रहालयाचे प्रमुख डॉक्टर मोएझ यांचं वाक्य वाचून दाखवलं. 'पानाफुलांच्या आकृतिबंधाला छेदणारा हा लघुअवकाश अंतर्गत व बाह्य यांच्यातील संवादात्मक सीमारेषेचे पुनर्कथन करतो.' दाराच्या मधोमध, नक्षी चिरून कुणीतरी ओबडधोबड चौकोन कापला होता. त्याला संवाद म्हणे!

काका म्हणाले, "त्यातून माझ्या आईला रोटी द्यायचे."

हे दार नवऱ्याचं न ऐकणाऱ्या बायकांना काझीच्या हुकमाने कोंडायच्या घराचं होतं. बाई ताळ्यावर आली की सोडायची. बावन्न साली काकांची आई तिथे सात महिने होती. आजी दोन वर्षांच्या तिजानीला उचलून फटीशी धरायची आणि आतून एक हात यायचा. त्या फटीमागचा आईचा चेहरा काही त्यांना आठवत नव्हता.

"आणि आता लोक त्यात तोंड घालून फोटो काढतात," काका म्हणाले. "नवरा म्हणतो, हस. बायको हसते. मी म्हणतो, हात लावू नका. अकरा वर्षं एवढंच म्हणतोय."

रफीकाला शिसारी आली. फोटो काढणाऱ्यांची नव्हे, त्यांना बिचाऱ्यांना कोण सांगणार होतं? तिला शिसारी आली त्या गुळगुळीत शब्दांची.

पण ऐकीव गोष्ट पाटीवर जात नाही. ती तळघरात गेली आणि संग्रहालयाची आवक-नोंदवही काढून बसली. अठ्ठावन्न सालच्या पानावर, दार आलं त्या दिवशी कारकुनाने सरळ लिहिलं होतं: बायकांच्या कोंडवाड्याचं दार, खिडकी नंतर कापलेली, जेवण देण्यासाठी. सगळं होतं! डॉक्टर मोएझनी ते वाचूनच आपला परिच्छेद रचला होता, कारण पानाच्या कडेला त्यांचीच सही आणि तारीख होती.

शी! माहीत नसतं तर एक वेळ माफ केलं असतं.

मग तिने कात्री चालवली. आकृतिबंध गेला, सीमारेषा गेली, पुनर्कथन गेलं. डोळ्यांना आधी जे दिसतं ते पहिल्या वाक्यात घेतलं. मग दारासमोर उभी राहून मोठ्याने वाचलं, अडखळली तिथे पुन्हा तोडलं. उरलं ते असं:

'नक्षी चिरून कापलेला चौकोन पाहा. नवऱ्याची आज्ञा न पाळणाऱ्या स्त्रियांना काझी या दारामागे कोंडत असे. त्यांना जेवण या फटीतून मिळे. त्यांची मुलं बाहेर उभी राहत. १९५६च्या नव्या कुटुंबकायद्यानंतर अशी घरं बंद झाली.'

खाली बारीक अक्षरात लाकूड, काळ, नोंद क्रमांक.

डॉक्टर मोएझनी कागद दोन बोटांत धरला. "हे काय, वर्तमानपत्र आहे? आणि 'मुलं बाहेर उभी राहत' हे कुठल्या वहीत आहे?"

"वहीत नाही. तिजानीकाकांनी सांगितलं. ते उभे होते."

"कोण तिजानी?"

रफीकाच्या अंगाची लाही झाली. अकरा वर्षं तो माणूस यांना रोज सलाम ठोकत होता!

"त्या कोरीव दाराशी उभे असतात ते. त्यांची साक्ष मी लिहून घेतलीय, सहीनिशी. नोंदीला जोडलीय."

"लोक मुलांना घेऊन येतात, रफीका. परदेशी पाहुणे येतात. जरा सौम्य लिही."

"सौम्य हवं असेल तर नोंद खोटी आहे असं लिहून द्या, डॉक्टरसाहेब. तुमच्या सहीशेजारीच जागा आहे."

तिने वही उघडून समोर ठेवली. मोएझनी वही मिटली. मग पाटीच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "संग्रहालयाच्या पुस्तकात मात्र माझाच परिच्छेद जाईल." गेलाही, गुळगुळीत कागदावर, एका अक्षराचा फरक न होता. रफीकाने ते पुस्तक कधी हातात धरलं नाही.

शुक्रवारी सकाळी पाटी लागली. दुपारी एक जोडपं आलं. बाईने सवयीने फटीला तोंड लावलं, पुरुषाने मोबाइल उचलला. फोटो काढता काढता त्याची नजर पाटीवर गेली. तो मोठ्याने वाचायला लागला आणि 'मुलं बाहेर' पाशी थांबला. मोबाइल खाली आला. बाई मागे सरली. मग हळूच पुढे होऊन तिने फटीच्या खालच्या कडेवर पालथा हात ठेवला.

तिजानीकाका दोन पावलांवर उभे होते. हात लावू नका, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत.