विषबाधा आणि विषप्रयोग

छापील पेपरात मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली. पेपर बंद पडला तेव्हा नगरच्या एका यूट्यूब बातमी चॅनेलवर आले. तिथं माझ्याकडे व्हिडिओची शीर्षकं, खालची माहिती आणि टॅग लिहायचं काम आलं. ‘हादरवून टाकणारं’, ‘धक्कादायक’ हे शब्द मी पहिल्याच आठवड्यात हद्दपार केले, आणि त्याचा मला भारी गर्व होता.

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात साखरपुड्याच्या जेवणानंतर शंभरेक माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. एक म्हातारी दगावली. जेवणाचे आणि पाण्याचे नमुने तपासायला गेले होते, अहवाल यायचा होता. आम्ही त्यावर सात मिनिटांचा समजावून सांगणारा व्हिडिओ केला. शीर्षक मी दिलं. मोबाइलवर शेपूट कापलं जातं म्हणून गावाचं नाव आणि ‘विषबाधा’ सुरुवातीला, पुढे ‘आतापर्यंत काय कळलं, काय नाही’. माहितीच्या पहिल्या दोन ओळींत कारण अजून स्पष्ट नसल्याचं लिहिलं, खाली वेळेनुसार भाग पाडून दिले. थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर, रडणारे चेहरे नाहीत, लाल गोल नाही.

संपादक म्हणाले, “सगळं छान आहे हो, पण सापडणार कसं? लोक काय टाइप करतायत ते बघा.”

मी शोधाच्या चौकटीत गावाचं नाव टाकलं. खाली पहिलीच सूचना आली ती ‘विषप्रयोग’ अशी. भावकीच्या भांडणातून कुणीतरी आचाऱ्याला फितवलं आणि त्यानं मठ्ठ्यात औषध कालवलं, अशी आवई उठली होती. विषबाधा होते, विषप्रयोग कुणीतरी करतं. हा फरक मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही माहितीच्या अगदी तळाशी मी तीन हॅशटॅग टाकले: गावाचं नाव, विषबाधा, विषप्रयोग. तळाशी कोण बघतंय, असं स्वतःलाच सांगितलं.

माहितीत कुठेही टाकलेले हॅशटॅग यूट्यूब उचलून शीर्षकाजवळ निळ्या अक्षरांत दाखवतं. मला हे माहीत असायला हवं होतं. व्हिडिओ जोरात चालला. संध्याकाळपर्यंत शीर्षकाचा आणि त्या निळ्या शब्दाचा फोटो गावागावांतल्या ग्रुपवर फिरू लागला. वर लिहिलेलं, ‘चॅनेलनेसुद्धा सांगितलं.’

दोन दिवसांनी आचारी ऑफिसात आला. पन्नाशीचा, धुतलेला पांढरा सदरा, टोपी हातात. मी खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला.

“ताई, मी व्हिडिओ पुरा पाह्यला. तुमी कायबी वंगाळ बोल्ला न्हाई. पन लोकांनी तेवढा एकच शब्द वाचला. तीन लग्नांची जेवनं गेली माझी. काल पोराला शाळेतून उठवून आनलं.”

त्याच्यासमोर मी तो हॅशटॅग काढला. माहितीत चूक कबूल करून दुरुस्ती लिहिली, तीच कमेंट म्हणून वर टाचून ठेवली. पण फिरलेला फोटो कुठून काढणार?

अहवाल आला. दोष टाकीच्या पाण्यात होता; त्याच पाण्यात मठ्ठा घुसळलेला. पाणी यजमानांनी दिलेलं, आचाऱ्याचा काही संबंध नव्हता. मी नवा व्हिडिओ लावला, ‘विषबाधा: दोष टाकीच्या पाण्यात, अहवालात काय आहे’. विषबाधा म्हणून शोधणाऱ्याला तो वर दिसायचा. विषप्रयोग टाइप करणाऱ्याला मात्र दुसऱ्या चॅनेलांच्या जुन्या, आग ओकणाऱ्या चित्रफितीच मिळायच्या, आणि बहुतेक माणसं तेच टाइप करत होती.

मी त्याच्या घरी गेले. अंगणात कढया पालथ्या घातलेल्या होत्या. मी समजावलं, “मामा, माहितीच्या पहिल्याच ओळीत लिहिते, ‘विषप्रयोगाची अफवा खोटी’. म्हणजे तो शब्द शोधणारा खऱ्या व्हिडिओपर्यंत येईल.”

“म्हंजी आमच्या गावाच्या नावापुढं त्यो शब्द परत येनार?”

“हो. पण तो खोटा आहे हे सांगायला.”

“लोकं पुढचं वाचत्यात का, ताई?”

त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “नका लिवू.”

मी लिहिलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि स्वतःचा राग येतो. गेल्या महिन्यात तो शिर्डीला एका हॉटेलात दिसला. मोरीपाशी बसून ताटं घासत होता. त्यानंच हळू आवाजात सांगितलं, मालकाला त्यानं गाव दुसरंच सांगितलंय, आणि स्वयंपाक येत नाही असंही.