राहून गेलेला वर्ग

स्वीडनमधल्या लुंडच्या विद्यापीठात व्याख्यानं प्राध्यापक देत आणि गृहपाठ सोडवून घेण्याचं काम गुनवोरकडे असे. तीसेक वर्षं तिनं तेच केलं, आणि पुंजभौतिकीतलं डब्यातल्या कणाचं गणित तिचं खास लाडकं. भिंती अभेद्य, त्यामुळे कण डब्यात कुठेतरी असणारच; म्हणून तो सापडण्याची एकूण शक्यता एक यायला हवी. त्यासाठी तरंगफलनाचा आधी वर्ग करायचा, मग डब्याच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत संकलन. पोरं नेमका वर्ग विसरत. ती लाल शाईनं लिही, "वर्ग केल्याशिवाय जेवायला बसू नका."

एकदा नोव्हेंबरात दुपारीच दिवे लावावे लागले होते. गुनवोरनं फळ्यावर दुसऱ्या पातळीचं फलन लिहिलं, A sin(2πx/L), आणि सरळ त्याचंच संकलन केलं. शून्य आलं. एक कमान वर, एक खाली. दोघींनी एकमेकींना खाऊन टाकलं होतं. शेवटची ओळ झाली, A गुणिले शून्य बरोबर एक.

"कण पळाला वाटतं," मागून रास्मुस म्हणाला. पोरं हसली.

गुनवोर फळ्याकडे बघत राहिली. चुकलंय हे दिसत होतं. काय चुकलंय ते दिसत नव्हतं.

पुढच्या बाकावरची त्यूरा हळूच म्हणाली, "गुनवोर, वर्ग करायचा राहिलाय."

"कशाचा?"

आता कुणी हसलं नाही. त्यूरा उठली, खडू घेतला. फलनाचा वर्ग, संकलन L/2, म्हणून A म्हणजे √(2/L). गुनवोरनं ते चाचपडत वाचलं. ऊर्जा मात्र तिनं न अडखळता सांगितली: n च्या वर्गाच्या पटीत वाढते, दुसरी पातळी पहिलीच्या चौपट, तिसरी नऊपट.

तास संपल्यावर त्यूरा म्हणाली, "दमला असाल तुम्ही."

"दमणं मला ओळखता येतं गं. मागच्या आठवड्यात घरची वाट चुकले. बहिणीला सांगितलं, रस्ता खणलाय."

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुख यल्मारकडे गेली. "अगं, चूक कुणाचीही होते," तो म्हणाला.

"चूक झाली याचं काही नाही, यल्मार. मी 'कशाचा' असं विचारलं."

पुढे डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि गृहपाठाचे तास त्यूराकडे आले.

पुढल्या हिवाळ्यात बहीण मायकेन तिला एकदा त्या तासाला घेऊन आली. गुनवोर शेवटच्या बाकावर बसली, आणि फळ्यावरचं सगळं नीटस अक्षरात उतरवून घेऊ लागली. दोन ओळींनंतर तिची पेन्सिल थांबली. तिनं हात वर केला.

"बाई, जरा सावकाश सांगाल का?"

त्यूरानं फळा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सांगायला घेतलं.