डाव्या हाताची तीन बोटं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या प्रसूतिगृहात सोमवारी ठरलेली सिझेरियन असायची आणि सोमवारी ऑपरेशन टेबलाशी यल्लव्वा कांबळे सिस्टर असायची. चौदा वर्षांत यात बदल झाला नव्हता. ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी नुसता हात पुढे केला की त्यात हवं तेच हत्यार यायचं. मॅडम नव्या मुलींना सांगायच्या, "तोंडानं मागायची वेळ आली तर समजा, आज कांबळे सिस्टर रजेवर आहेत."

यल्लव्वा वस्तीतली पहिली नर्स. पहिल्यांदा पांढरी साडी नेसून ती ड्यूटीला निघाली तेव्हा सासू, आक्का, दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमची सून हाय. आपरेशनला असती, झाडाय न्हाय."

आणि १९९८च्या पावसाळ्यानंतर त्याच हातांना भेगा पडायला लागल्या.

आधी तिनं मनावर घेतलं नाही. साबण, सॅव्हलॉन, स्पिरिट यांत दिवस काढणाऱ्यांचे हात कोरडे पडतातच. पण डाव्या हाताची तीन बोटं वेगळीच निघाली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, यांची टोकं जाड, खरखरीत झाली आणि उभी चिरली. साडीच्या पदराचा धागा त्यात अडकायचा. गाठ मारताना कळ जायची ती कोपरापर्यंत.

उघड्या भेगा घेऊन टेबलाशी उभं राहायचं नाही, हा नियम तिनंच नव्या मुलींना शिकवलेला. ती स्वतःहून मेट्रनबाईंकडे गेली आणि हात दाखवला.

"रबराची अॅलर्जी," मेट्रनबाई म्हणाल्या. "दुखणं मंगळवारी वाढतं म्हणतेस ना? सोमवारी दिवसभर हातमोजे. दुसरं काय असणार?"

हिशेब सरळ होता. मलमं झाली, हातमोज्यांची कंपनी बदलून झाली. एप्रिलमध्ये आठवडाभराची रजा झाली, तर त्या रजेत बोटं आणखी फुटली. शेवटी मेट्रनबाईंनी सांगितलं, "एक जूनपासून तू बाहेर, नाव-नोंदणीच्या टेबलावर. कायमची. तुझ्या भल्यासाठीच गं."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा पिराजी, तिचा नवरा, शहर बसवर ड्रायव्हर, चहाचा कप तसाच धरून बसला.

"मग बरं की. बसून काम."

"तुमास्नी कुणी म्हटलं, उद्यापास्नं तिकिटं फाडा, स्टेरिंगला हात लावू नका, तर?"

पिराजीनं कप खाली ठेवला. "व्हय. ते न्हाय जमायचं."

तिच्याकडे तीन आठवडे होते. राजारामपुरीतच डॉ. भूमिका हिरेमठ यांचा त्वचेचा दवाखाना होता. वयानं लहान, पण घाई न करणारी बाई, असं ऐकून यल्लव्वा तिथं गेली आणि हातमोज्यांपासून बदलीपर्यंत सगळं सांगितलं. बरोबर एक वही होती. नर्सला तक्ता ठेवायची सवय. तापाचा तक्ता असतो तसा तिनं बोटांचा ठेवला होता. रोज पानावर दोन्ही हात ठेवून पेन्सिलीनं बाहेरची रेघ काढायची आणि भेग असेल तिथं लाल खूण करायची. खाली तारीख आणि दिवसभरातलं काम.

डॉक्टर वही चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. पेशंटचं ठेवतो, मग आपलं का नको?"

"माझ्याकडे येणारे शिकलेले लोक 'खूप दिवसांपासून' एवढंच सांगतात." डॉक्टरांनी तिचे हात दिव्याखाली घेतले. "दोन्ही हातांच्या बोटांच्या सांध्यांवर, बेचक्यांत थोडा कोरडेपणा आहे. तो धुण्याचा. तो रजेत कमी होतो ना?"

"होतो की."

"आणि या तीन बोटांचं रजेत वाढलं." त्यांनी वहीचं पान तिच्यापुढे धरलं. "उजवा हात बघा. महिनोन् महिने कोरा. हातमोजे एकाच हातात घालता का?"

यल्लव्वानं वही जवळ ओढली. वही तिची, खुणा तिच्या, पण हे तिनं असं बघितलंच नव्हतं.

"रबराचं असतं तर हाताच्या पाठीवर उठलं असतं, खाज, बारीक फोड आणि मनगटाशी मोजा संपतो तिथं रेघ. दोन्हीकडे. हे असं तीन टोकांनाच होतं, म्हणजे या टोकांनी तुम्ही काहीतरी धरता. रजेत काय केलंत?"

"चटणी."

कोल्हापुरात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. वर्षाची कांदा-लसूण चटणी, लाल मिरची गिरणीतल्या डंकावर कांडून आणायची. यल्लव्वाच्या चटणीला जावांपासून मेट्रनबाईंपर्यंत सगळीकडून मागणी. यंदा चार किलो लसूण एकटीनं सोलला होता.

"आणि रविवारी?"

"मटण. आठवड्याचा लसूण पण रविवारीच सोलून ठेवते."

डॉक्टरांनी टेबलावरचा खोडरबर तिच्या हातात दिला. "हा लसूण. पेन ही सुरी. सोला बघू."

यल्लव्वानं पेन उजव्या हातात घेतलं. खोडरबर डाव्या हातात आपसूक आला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. ती आपल्याच बोटांकडे बघत राहिली.

"पण डॉक्टर, भेगा पडल्यापास्नं घरात हातमोजे घालूनच सोलते. दवाखान्यातले न्हाई हं, मेडिकलातनं विकत आणलेले."

"लसणाचा अंश त्या पातळ रबरातून आरपार जातो. बोटं मोज्याच्या आत लसणातच भिजतात. आणि अशी अॅलर्जी लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. रविवारचा लसूण मंगळवारी दिसला आणि दोष सोमवारच्या हातमोज्यांवर गेला. पण नुसत्या माझ्या अंदाजानं तुमची जागा वाचणार नाही. तपासून बघू."

पाठीवर चिकटपट्ट्यांचे छोटे चौकोन लागले. रबरातली रसायनं, जंतुनाशक आणि एकात व्हॅसलीनमध्ये मिसळलेला लसणातला घटक. दोन दिवस पाठ कोरडी. पट्ट्या काढल्यावर एकदा बघितलं, चौथ्या दिवशी पुन्हा. रबराचे चौकोन स्वच्छ. लसणाचा लालभडक, बारीक पुळ्यांनी भरलेला.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती मेट्रनबाईंसमोर उभी राहिली, वहीसुद्धा उघडून ठेवली. मेट्रनबाईंनी चष्मा लावून दोन्ही वाचलं.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "आणि तुझी चटणी मीच सगळ्यात जास्त खाल्ली."

ऑपरेशनच्या टेबलावरून सुट्टी मात्र तिनंच मागितली, बोटं पुरती भरेपर्यंत. कच्च्या लसणाला हात नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम ठरल्या दिवसांपुरतं, आणि प्रत्येक धुण्यानंतर व्हॅसलीन. एक जूनला नोंदणीच्या टेबलावर दुसरीच मुलगी बसली. जुलैच्या दुसऱ्या सोमवारी वहीत दोन्ही हात कोरे होते. त्या दिवशी मॅडमनी न बघता हात पुढे केला आणि हवी ती कात्री हातात आली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हं, आता बरोबर."

पुढच्या एप्रिलमध्ये चटणी झालीच. पिराजी डेपोतल्या ज्ञानूला घेऊन लसूण सोलायला बसला. दोघांत मिळून तासात पावशेर.

"आरं, बस चालवताय का लसूण सोलताय?" आक्का ओरडली. "एकेका पाकळीला थांबा!"

"मग सुनंला सांग की सोलायला!"

"तिचं हात आपरेशनचं हाईत," आक्का दारातून जाणाऱ्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "लसणाचं न्हवं."

यल्लव्वा सोप्यात लांब बसून मीठ किती, खोबरं किती भाजायचं ते सांगत होती. वही तिनं टाकली नाही. दवाखान्यात नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यात ती तिला पानावर हात ठेवायला सांगते आणि स्वतः पेन्सिलीनं भोवती रेघ ओढते.