बोनस म्हणून पाठवलेले पासष्ट युरो सत्तर सेंट

पैशाचं बोलायची मला लाज वाटते. ओळखीच्या माणसाशी तर फारच. पुण्यात आमच्या घरी दुधाचं बिलसुद्धा हळू आवाजात मागितलं आणि दिलं जायचं. हा गुण घेऊन मी आयर्लंडला आलो, आणि सात विक्रेत्यांची एक वेबसाइट काढून बसलो.

कल्पना साधी होती. डब्लिनच्या आसपास आपल्यातल्या कितीतरी बायका काही ना काही करत होत्या. कोणी भाजणी आणि लाडू, कोणी राख्या, कोणी पैठणीच्या पिशव्या. सगळं चालायचं व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि सगळा गोंधळ. मी दिवसा ब्लँचर्डस्टाउनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा म्हटलं, एकाच साइटवर सगळ्यांची दुकानं मांडू. ज्यानं त्यानं आपल्या वस्तू, किमती आणि पोस्टाचा खर्च टाकायचा. गिऱ्हाईक कार्डानं पैसे देणार, आमचं कमिशन कापून बाकीचे विक्रेत्याच्या खात्यात. वस्तू पोचल्यावर चौदा दिवस थांबायचं, म्हणजे तक्रार आली तर पैसे परत करता येतात, आणि मग येणाऱ्या शुक्रवारी पैसे सोडायचे. कमिशन वस्तूच्या किमतीवर दहा टक्के. कार्डाच्या कंपनीचा आकार आमच्या दहा टक्क्यांतून. पोस्टाचे पैसे पूर्ण विक्रेत्याचे, कारण पार्सल तोच पाठवतो. हे सगळं मी नियमांच्या पानावर लिहिलं होतं, आणि बरोबर लिहिलं होतं.

विक्रेत्याला दिसणारं पान करताना मात्र माझा हात अडला. ऑर्डर, किंमत, पोस्ट, कमिशन वजा, मिळणार इतके, अशा ओळी कुठल्याही साइटवर असतात. पण पहिली नोंदणी ज्यांनी केली त्या क्लोनडॉकिनच्या काकू. मी आणि बायको इथे आलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्याकडे जेवलो होतो. त्यांच्या नावापुढे 'कमिशन वजा' असं लिहायचं? फार हावरटासारखं दिसत होतं ते. मी ती ओळ काढली. एकच आकडा ठेवला: 'तुम्हाला मिळणार'. वर खूशही झालो, की किती आपुलकीचं डिझाइन केलंय.

काकूंचं काम पक्कं होतं. घरून खाणं विकायची नोंदणी त्यांनी आधीच केलेली, तपासणीला आलेली बाई त्यांच्या किचनमधला प्रत्येक प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडून बघून गेली होती. वर्षभरात साइटवरच्या निम्म्या ऑर्डरी त्यांच्याच असायच्या. कॉर्क, गॉलवे, लिमरिक, सगळीकडे भाजणी जायची.

मग गणपतीनंतर त्यांचा फोन आला. "अरे, माझं ते पार्सलचं बंद करता येईल का? फक्त हातात द्यायच्या ऑर्डरी ठेव."

"का हो काकू? पार्सलवर तर तुमचा जास्त सेल आहे."

"नाही रे, पोस्टाचं काही जमत नाही. हातात दिलेलं बरं पडतं."

मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. मार्केट कसं वाढवायचं, कॉर्कची गिऱ्हाइकं एकदा गेली की परत येत नाहीत, वगैरे. स्वतःचा आवाज आज आठवला तरी कानशिलं तापतात. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी इथली माणसं 'बरं' म्हणतात तसं म्हणाल्या, "ग्रँड, तू म्हणतोस तर दिवाळीपर्यंत ठेवते."

पुढच्याच आठवड्यात मला दिवाळीची सवलत साइटवर टाकायची होती. त्यासाठी खोटी ऑर्डर करून पाहिली. वीस युरोची भाजणी, नऊ युरो पोस्ट. कमिशन दोन युरो यायला हवं होतं. आलं दोन युरो नव्वद सेंट. सवलतीची गडबड असेल म्हणून ती काढून परत पाहिलं. दोन नव्वदच.

कोड माझा होता. कमिशन काढताना मी वस्तूची किंमत घेतलीच नव्हती, गिऱ्हाइकाच्या कार्डावरून कापलेली पूर्ण रक्कम घेतली होती. म्हणजे पोस्टाच्या पैशावरही आम्ही दहा टक्के खात होतो, पहिल्या दिवसापासून. काकू काउंटरवर नऊ युरो भरत होत्या, आणि आम्ही त्यांना आठ युरो दहा सेंट देत होतो. हातात दिलेल्या ऑर्डरीला पोस्ट नाही, म्हणून तिथे हिशोब बरोबर. 'बरं पडतं' याचा अर्थ मला तेव्हा कळला. ती एक ओळ मी लपवली नसती, तर पहिल्याच शुक्रवारी कोणीतरी बोट ठेवलं असतं.

कोड पाच मिनिटांत दुरुस्त झाला. मग सगळ्या जुन्या ऑर्डरी काढून कोणाचं किती देणं लागतो ते पाहिलं. काकूंची पार्सलं त्र्याहत्तर. पासष्ट युरो सत्तर सेंट.

बायको म्हणाली, "चूक झाली असं सरळ लिही आणि पैसे पाठव."

मी मेल लिहायला घेतला. 'क्षमस्व' लिहिलं, खोडलं. आपल्या सात घरांत बातमी जाईल, मंडळाच्या कार्यक्रमात लोक बघतील, हा आपल्याच बायकांचे पैसे कापत होता. शेवटी सातही जणींच्या खात्यात त्यांचे पैसे टाकले, आणि सोबत मेल गेला तो असा: 'दिवाळीनिमित्त आमच्याकडून छोटासा बोनस!' पुढे पणतीचं चित्र. बायकोनं तो वाचला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. सहा जणींचे आभाराचे मेल आले. एकीनं लिहिलं, इतकं मोठं मन कोणाचं असतं. मी तो वाचला आणि बंद केला. मला स्वतःची किळस आली होती, पण खोटं तसंच ठेवलं.

काकूंचा मेल आला नाही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दुपारी फराळ आणायला क्लोनडॉकिनला गेलो. त्यांनी चहा टाकला, डबे भरले, आणि प्रेसमधून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. एका बाजूला पोस्टाच्या पावत्या चिकटवलेल्या, शेजारी आलेले पैसे. प्रत्येक पार्सलपुढे नव्वद सेंट. पानाखाली बेरीज, पेन्सिलीनं: ६५.७०.

"बोनस असा सुट्टा कुणी देतं का रे?" त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जूनपासून. म्हटलं, घरचा मुलगा, कसं विचारायचं."

म्हणजे आम्ही दोघंही एकाच संकोचात अडकलो होतो. फरक इतकाच, की त्यांचा संकोच त्यांच्याच खिशातून जात होता. मी मान खाली घातली आणि झालं ते सगळं सांगितलं, लपवलेल्या ओळीसकट.

"ती ओळ दाखव बाबा," त्या म्हणाल्या. "काय कापतोस ते दिसू दे, आम्हाला नाही राग येत. आणि बाकीच्या सहा जणींना खरं लिही. त्या बिचाऱ्या तुझे आभार मानतायत."

त्यांच्याच टेबलावर बसून मी फोनवरून मेल लिहिला. या वेळी काही खोडलं नाही. पाठवून उठलो, फराळाचे डबे घेतले. बेचाळीस युरो झाले होते. मी पन्नासची नोट ठेवली आणि सवयीनं म्हणालो, "राहू द्या काकू, वरचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बरणीतून सुट्टे काढले, माझा हात ओढून उघडला आणि आठ युरो एकेक करून, मोठ्यानं मोजत, तळहातावर ठेवले.