लोभ असावा, पण मराठीतच

डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर आठवडाभर मोबाईल हातात धरायचा नाही. मी म्हटलं, पाहिलाही नाही तर चालेल, पण मेल कोण बघणार? ते म्हणाले, "आजी, या वयात कसले मेल?" आता त्यांना काय सांगायचं!

सांगायचं तर बरंच होतं. आम्ही बायका पोलादपूरच्या वरच्या अंगाला, माझ्या सासरच्या वाडीत, आमसुलं करतो. रातांबे फोडायचे, सालं वाळवायची, मीठ घातलेल्या रसाची पुटं द्यायची, परत वाळवायची. हातांचा रंग जून संपला तरी जात नाही. माल वाडीत तयार होतो आणि पत्रव्यवहार महाडला, माझ्या घरी. कारण गटात मेल करता येतो तो मला एकटीला. कोणी शिकवला नाही. चुकत चुकत, इकडे दाब तिकडे दाब करत शिकले. व्हॉट्सअ‍ॅप आहेच, पण व्यापाऱ्यांना मागणी मेलवर लागते. त्यांच्या हिशेबनिसाला दाखवायला कागद हवा असतो.

गिऱ्हाईकं तीन. इंदूरचे एक, ते हिंदीत लिहितात. बंगळूरचं एक दुकान, त्यांचं सगळं इंग्रजीत. आणि सगळ्यात मोठे सुरतचे शेठ. गुजराती माणसाची डाळ आमसुलावाचून होत नाही, त्यामुळे आमचा निम्म्याहून जास्त माल त्यांच्याकडे जातो. त्यांची मागणी येते ती मे महिना सरता सरता, आणि उत्तर दोन दिवसांत गेलं नाही तर ते दुसरीकडून उचलतात. ऑपरेशनही नेमकं तेव्हाच. पुढे ढकलावं तर डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय. आणि शेठांची मागणी हुकली तर वाडीतल्या बायकांनी दोन महिने उन्हात केलेलं पावसाळ्यात दमट होऊन बसणार.

मुंबईची लेक फोनवर म्हणाली, "आई, ऑटो-रिप्लाय लाव. कोणी मेल केला की आपोआप उत्तर जातं."

"कुठल्या भाषेत जातं?"

"तू लिहिशील त्या."

"मग मी तिन्ही भाषांत लिहिणार. ज्याला जी येते त्यातच उत्तर जायला पाहिजे."

"अगं, इंग्रजीत टाक एक ओळ. सगळे तसंच करतात."

सगळे करत असतील. शेठांना इंग्रजी येत नाही, इंदूरवाल्यांना गुजराती येत नाही, आणि आपण गावाला जाताना शेजारणीला निरोप सांगतो तो काय तिला न कळणाऱ्या भाषेत सांगतो? मी ठरवलं ते ठरवलं.

महाडला कोर्टाच्या अलीकडे एक बाई अर्ज टाईप करून देतात. माझ्याहून पुष्कळ लहान, पण इंग्रजी-हिंदी दोन्ही पक्कं. त्यांच्याकडे जाऊन बसले. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की यंत्राला समोरच्याची भाषा कळत नाही. उत्तर एकच लिहायचं, तेच सगळ्यांना जातं. म्हणजे तिन्ही भाषा एकाखाली एक मांडायच्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर भाषेचं नाव तिच्याच लिपीत द्यायचं, म्हणजे माणूस थेट आपल्या ओळीवर जातो.

"आणि मराठी?" मी विचारलं.

"तुमचं मराठी गिऱ्हाईक आहे का एकतरी?"

"नाही. पण वर मराठी पाहिजे."

"काकू, मोबाईलवर मेल आला की पहिली ओळच दिसते. शेठांना पहिली ओळ कळली नाही तर ते उघडणारच नाहीत."

हे मला पटलं. मग आम्ही पहिली ओळ कुठल्याच भाषेची ठेवली नाही. नुसता माझ्या जावेचा फोन नंबर, इंग्रजी आकड्यांत, कारण ते आकडे सगळ्यांना वाचता येतात. खाली मजकूर. मी लिहिलं होतं, "मी परवापासून बाहेरगावी आहे." बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, परवा म्हणजे गेलेला की येणारा, हे मराठी माणसालाही विचारावं लागतं, आणि मेल वाचणारा कुठल्या दिवशी वाचेल कोण जाणे. तारखा घाला, महिना अक्षरांत. बाहेरगावी कशाला, रजेवर आहे म्हणा. ठीक. उत्तर फक्त ओळखीच्यांनाच जावं अशीही एक खूण करता येते. ती मी करू दिली नाही. नवं गिऱ्हाईक काय ओळख घेऊन येतं?

जावेला फोन केला. ती वाडीतच असते, मालाचं सगळं तीच बघते.

"आगो, त्या शेटचा फोन आला तं मी काय बोलू गो? मला त्यांची भाषा नाय येत."

"हिंदीत बोल. रोज सिरियल बघतेस की."

"सिरियलीत आमसुलं इकत नाय कोन!"

"किती पाहिजे आणि कधी पाहिजे, एवढंच विचार. बाकी मी आल्यावर."

"बरं. नि तुझी सही कशी जानार? अंगठा लावून ठेवलास काय मशिनीत?"

हसून सोडून दिलं. सही म्हणजे मेलच्या खाली आपोआप उमटतो तो मजकूर, तो मी हिवाळ्यातच करून ठेवला होता. वर जयभीम, मग माझं नाव, गटाचं नाव, आणि पत्रात आपण लिहितो तसं, "कळावे, लोभ असावा ही विनंती." तेवढी एक ओळ मोबाईलच्या भाषांतराला घालून गुजराती, हिंदी आणि इंग्रजीतही खाली लावली होती. माझा मला फार अभिमान होता त्याचा.

राहिली गुजराती. बाजारपेठेतल्या किराणा दुकानाच्या शेठाणी नवसारीच्या. लग्न होऊन आल्या त्याला इतकी वर्षं झाली की भांडतात मराठीत आणि हिशेब करतात गुजरातीत. त्यांना गल्ल्यापाशी गाठलं. त्यांनी चष्मा लावून ऑटो-रिप्लायचा, मोबाईलवर भाषांतर करून घेतलेला गुजराती तुकडा सुधारून दिला, एका गिऱ्हाइकाला गूळ तोलत तोलत.

"आता चालू करून बघा," त्या म्हणाल्या. "मी माझ्या मोबाईलवरून मेल करते तुम्हाला."

त्यांनी मेल केला. मिनिटभरात त्यांच्या मोबाईलवर उत्तर. वर नंबर, खाली गुजराती, हिंदी, इंग्रजी. मी म्हटलं, झालं काम! तर शेठाणी आणखी खाली सरकवत गेल्या आणि थांबल्या.

"बेन, हे काय लिहिलंय?"

"काय?"

"इथे खाली. लोभ राखजो."

"हो, लोभ असावा. सही आहे ती. उत्तराखाली आपोआप जोडली जाते वाटतं."

"अरे, पण व्यापाऱ्याला सांगता लोभ ठेव?"

"मग काय ठेव सांगू? रुसवा?"

तेव्हा त्यांनी मला समजावलं. गुजरातीत लोभ म्हणजे हाव. हिंदीतही तेच. माया नाही, जिव्हाळा नाही, पैशाची हाव. इंग्रजी ओळ घेऊन पुन्हा कोर्टापाशी गेले, तर टायपिंगवाल्या बाईंनी वाचलं आणि टेबलावर डोकंच टेकलं. तिथेही मी बंगळूरच्या दुकानाला नम्रपणे हावरट व्हायची विनंती केली होती.

आणि मग मला एकेक आठवायला लागलं. जानेवारीपासून शेठांचे मेल कसे कोरडे झाले होते. एकदा त्यांनी हिंदीत लिहिलं होतं, "बेन, लोभ हम नहीं रखते." ते वाचून मला इतकं वाईट वाटलं होतं! म्हटलं, इतकी वर्षं व्यवहार, आणि हा माणूस सरळ सांगतो की आमचा तुमच्यावर जीव नाही. मीही मग मोजकंच लिहायला लागले होते.

टायपिंगवाल्या बाई म्हणाल्या, "आता ती ओळ काढून टाका आणि गप्प बसा. विषय वाढवू नका."

काढायची तर होतीच. पण गप्प बसायला मी तयार नव्हते. एखाद्याच्या मनात आपण पाच महिने टोचलोय हे कळल्यावर डोळ्याला पट्टी बांधून झोपून राहू? शेठाणींकडे परत गेले. त्या म्हणाल्या, "लोभच्या जागी स्नेह लिहा, स्नेह दोन्हीकडे चालतो. आणि जयभीमच्या जागी जय श्रीकृष्ण लिहा, आमच्या माणसाला बरं वाटतं."

"स्नेह लिहिते," मी म्हटलं. "जयभीम राहू दे. तुम्ही मला जय श्रीकृष्ण म्हणता, मी तुम्हाला जयभीम म्हणते, आजवर कुणाला भाषांतर लागलंय?"

"ते पण खरं," म्हणून त्यांनी मला चहा मागवला.

मग गुजरातीत स्नेह, हिंदीत "स्नेह बनाए रखें", इंग्रजीत सौजन्याचे साधे दोन शब्द. मराठी ओळीत लोभ तसाच ठेवला, तो आपला आहे. आणि शेठाणींकडून शेठांना वेगळा मेल लिहून घेतला, की आमच्या पत्रात लोभ म्हणजे माया, जी आम्ही वडीलधाऱ्यांकडे मागतो, तुमच्याकडे मागितली ती तीच. पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले.

त्याचं उत्तर आलं की नाही, हे मला बघता येत नव्हतं. पट्टीखाली डोळा नुसता चुरचुरत होता. मुंबईहून आलेल्या लेकीला मेल उघडून वाच म्हणाले असते तर तिने वाचला असता, पण डॉक्टरांनी तिलाच राखणीला बसवलं होतं, आणि ती म्हणायची, "आई, ऑटो-रिप्लाय लावलाय ना? मग त्याला करू दे."

तिसऱ्या दिवशी जावेचा फोन.

"शेटनी फोन केलान गो. नंबर सगल्यात वर दिसला म्हनाला."

"मग? माल?"

"निम्मा उचलतोय. निम्मा त्याने आधीच दुसऱ्याकडनं घेतलान, मागल्याच महिन्यात. मी बोलली, शेटजी, पूरा लो ना, धूप में सुखाया है. तं हसला. गाडी सोमवारी येनार हाय."

मी आनंद मानू की दुःख, कळेना. निम्मा म्हणजे निम्माच. त्याच अंथरुणावरून मी जावेला सांगितलं, उरलेला माल डबल पिशवीत बांध आणि माळ्यावर चढव.

डोळा मोकळा झाल्यावर पहिला फोन शेठांना केला. माझी हिंदी म्हणजे काय, पण बोलले.

"सेठजी, सच बताइए, बुरा लगा था?"

"लगा था बेन. मैंने सोचा, भाव कम करने को बोला तो आप ताना मार रही हैं. हर चिट्ठी में!"

"और महिने भर पहले दूसरे से माल लिया, वो इसी लिए?"

ते मग म्हणाले, "कुछ इसी लिए." आणि लगेच हसले. "लोभ तो हमारे बाज़ार में बिना माँगे मिलता है, बेन. आप स्नेह ही लिखो."

आता मी सह्याच वेगळ्या केल्यात. शेठांना लिहिताना गुजराती, इंदूरला हिंदी, बंगळूरला इंग्रजी, पाठवण्याआधी निवडायची. एकाची तिघांना लावायची नाही. उरलेला माल इंदूरवाल्यांना दाखवला. त्यांनी नमुना मागितलाय. काल दुपारी जाऊ तो महाडला घेऊन आली, आम्ही दोघींनी कुरियरच्या दुकानात उभं राहून डबा बांधला, आणि वर पत्ता हिंदीत लिहिला. तोही आधी टायपिंगवाल्या बाईंना दाखवून.