पावसाळ्यात तुला कसला खर्च?

उमरग्यात हायवेच्या आतल्या गल्लीत एक गाळा भाड्यानं घेऊन मी ब्यूटी पार्लर चालवत होते. लग्नसराईत नवऱ्या मुली रांग लावायच्या आणि आषाढ लागला की दिवसभरात दोन आयब्रो झाल्या तरी मी देवाचे आभार मानायची. चातुर्मासात लग्नं नाहीत, पण गाळ्याच्या मालकाला चातुर्मास नसतो. त्याला भाडं महिन्याच्या महिन्याला लागतं. लाइट बिल आणि हाताखालच्या बाईचा पगारही तसाच.

म्हणून मी एक शिस्त लावून घेतली होती. रोज संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मीवाला दारात यायचा. सराईत त्याच्या हातात मी घसघशीत रक्कम ठेवायची आणि आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्यावरच गाळा तगवायची. वैशाखातला पैसा माझा नव्हताच, तो भाद्रपदाचा होता. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कुणालाच कळली नाही. त्यांना फक्त वैशाखातला गल्ला दिसायचा.

त्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं आणि तारीख धरली ज्येष्ठातली, सराईतली शेवटची दाट तिथ. त्याच दिवसाच्या तीन नवऱ्या मुलींचा बयाणा मी आधीच घेतलेला. मी सासूबाईंना म्हटलं, "पहाटं उठून दोघींचं उरकते, तिसरीकडं बाईला धाडते. हळदीच्या आत मांडवात येते."

"घरची नवरी सोडून परक्याच्या पोरींची तोंडं रंगवायला जातीस व्हय?" सासूबाई चार बायकांसमोर म्हणाल्या. "लोक काय म्हनतील आमाला?"

लोक काय म्हणतील याचं भाडं कुणी भरत नाही. पण मी तिन्ही बयाणे परत केले. त्यातल्या एका नवरीच्या आईनं फोनवर मला जे ऐकवलं ते मी गिळलं, कारण तिचं चुकत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी नणंदेचा मेकअप, साडी, केस, सगळं मी केलं. सराईसाठी आणलेलं महागडं सामान वापरलं. घरच्या लग्नात पैसे कसले मागायचे? तेवढ्यात जानोशावरून वरमाईनं आपल्या पाच बायका पाठवल्या, "नवरीची वहिनीच पार्लरवाली हाय म्हनं." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! सहाव्या तोंडाला फाउंडेशन लावलं, ते रागानंच.

पण खरा घाव त्याआधीच, लग्नाला आठवडा असताना बसला होता. नणंदेला आंदण द्यायच्या भांड्यांचे पैसे कमी पडत होते. नवरा म्हणाला, "पिग्मी मोड."

"ती पावसाळ्याची हाय," मी म्हटलं. "आत्ता मोडली तर व्याज जातं, वर कमिशन कापतेत. अन् मंग गाळ्याचं भाडं कुठून देऊ?"

"पावसाळ्यात तुला कसला खर्च?" तो हसला. "गिऱ्हाईकच नसतंय तवा!"

त्याला वाटलं, त्यानं मोठा बिनतोड मुद्दा काढला. सासूबाईही हसल्या. मी खूप समजावलं, रडले, एक दिवस जेवले नाही. शेवटी पिग्मी मोडली. तिची भांडी झाली, पितळी, जड, कपाटावर मांडायची.

आषाढात मी बाईला सांगितलं, तुळशीच्या लग्नापर्यंत येऊ नका. ती आपला डबा घेऊन गेली. श्रावणात भाडं डिपॉझिटमधून वळतं झालं. भाद्रपदात डिपॉझिटही संपलं. मालक म्हणाला, "ताई, तुमी मानूस चांगल्या, पन मला बी घर हाय." पुढच्या सराईचे बयाणे घेऊन भागवावं असं एकदा मनात आलं. पण सामानाला पैसा नसताना कुणाच्या पोरीचं लग्न पणाला लावायचं? पितृपंधरवड्यात मी किल्ली दिली. थकलेल्या भाड्यात आरसे, खुर्च्या, बेसिन तिथंच सोडलं. दसऱ्यानंतर नवऱ्या मुलींच्या घरचे फोन सुरू झाले आणि प्रत्येकाला मी एकच सांगत राहिले, बंद केलंय.

नणंद पहिल्या दिवाळीला माहेरी आली. दुपारी बाहेर जाऊन आली ती चेहरा चकचकीत करूनच. माझ्याच गाळ्यात सोलापूरची कुणी आली होती, आयत्या आरशांवर.

"फेशियलचे आठशे घेतले वहिनी तिनं," नणंद कौतुकानं म्हणाली. "बसायला जागा न्हाय, एवढी गर्दी."

सासूबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, नीट निरखला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ. धंदा असा करावा लागतोय. तुला जमला न्हाय."

आणि मला चहा टाकायला सांगितला. मी टाकला.