पिवळ्या रेघेच्या अलीकडे

लिंबाजीमामांच्या गाडीवर ड्यूटी लागली की माझं डोकं सकाळीच दुखायला लागतं. माणूस देवासारखा आहे, पण गाडी उशिरा पोचली की शिव्या ड्रायव्हरला पडत नाहीत, कंडक्टरला पडतात. ड्रायव्हरची पाठ असते लोकांकडे. तोंड माझं असतं.

मी पंचशीला, एसटीत कंडक्टर. कंधार–नांदेड करून करून माझ्या टाचांना भेगा पडल्या आणि जिभेला धार आली. मामा पंचविसेक वर्षं स्टिअरिंगवर आहेत. कंधारजवळच्या खेड्यात बौद्धवाड्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. चहात साखर कमी, बोलण्यात त्याहून कमी. रोज अप-डाऊन करणाऱ्या मास्तरांनी आणि कचेरीतल्या बाबूंनी आमच्या गाडीचं नाव ‘वरात’ ठेवलं होतं. वरात निघाली का, असं फोनवर एकमेकांना विचारायचे. मामांना ऐकू जायचं. ते आरसा पुसत बसायचे.

कारण एकच. मामा रस्त्याच्या मधली भरीव, सलग पिवळी रेघ ओलांडत नाहीत. रस्ता दोन पदरी, एक जायचा, एक यायचा. मधली रेघ तुटक असेल आणि समोर लांबवर मोकळं दिसत असेल, तरच मामा बाहेर निघणार. वळण असो, चढाचा माथा असो, अरुंद पूल असो, शाळा असो, फाटा असो, पुढं बैलगाडी जरी असली तरी मागंच राहणार. आणि मागं म्हणजे चिकटून नाही, चांगलं अंतर ठेवून. ‘चिटकून चला की हो, मधात जिपा घुसून राहिल्या,’ असं लोक ओरडले की म्हणायचे, ‘चिटकल्यावर पुढलं दिसतंय कुठं? त्याचं बूड दिसतंय नुसतं.’ वर आणखी एक. कुणी आम्हाला ओलांडायला लागलं की मामा पाय सैल सोडतात, डावीकडं सरतात, त्याला जाऊ देतात. म्हणजे आपण कुणाच्या पुढं जायचं नाही आणि आपल्या पुढं सगळ्यांनी जायचं. मी एकदा म्हणाले होते, ‘मामा, तुम्ही रिटायर झाल्यावर रस्त्याला तुमचं नाव देतील.’ ते हसलेही नाहीत.

ही गोष्ट उसाच्या दिवसांतली आहे. मामांची धाकटी मुलगी समीक्षा त्या दिवशी गाडीत होती. पोरीनं नर्सिंग केलेलं, खाजगी दवाखान्यात रात्रपाळ्या करून डोळ्यांखाली काळं आलेलं. सरकारी नर्सची भरती कैक वर्षांनी निघाली होती आणि परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं होतं. पहाटेच्या गाडीनं जाते म्हणत होती. मामाच म्हणाले, ‘कशाला थंडीत? माझ्या गाडीनं चल. गेट बंद व्हायच्या आधी तासभर पोचवतो तुला.’ बापाच्या शब्दावर पोरगी निजली आणि निवांत आवरून आली. केबिनच्या मागच्या सीटवर बसली, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत ओळखपत्र आणि हॉल तिकीट. मी तिला म्हटलं, ‘नोकरी लागली की आधी माझ्या टाचा बघ गं.’ ती हसली. मामा आरशातून बघत होते. त्यांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

कंधार सोडलं आणि उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, पुढं कर्णा लावून गाणी. पहिला ट्रॅक्टर मामांनी ओलांडला, आणि तो कसा ओलांडला हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं ह्यांना येतच नाही. रेघ तुटक झाली. मामा थोडे उजवीकडं सरकले, पुढं बघितलं, परत आत आले. समोरून एक ट्रक गेला, मग एक फटफटी. मग रस्ता लांबवर रिकामा दिसला. आरशात मागचं बघितलं, कुणी आपल्याला ओलांडत नाही ना. उजवा इंडिकेटर, एक हॉर्न, आणि गाडी एकाच दमात बाहेर काढली. रेंगाळले नाहीत. दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर डाव्या आरशात अख्खे दिसले, तेव्हाच डावा इंडिकेटर देऊन आत आले. मागल्या सीटवरचे मास्तर म्हणाले, ‘अरे वा, वरातीला घोडा मिळाला.’

पण पुढं आणखी दोन ट्रॅक्टर होते, एकाला एक लागून. मध्ये आमची गाडी शिरेल एवढीसुद्धा जागा नाही. म्हणजे ओलांडायचे तर दोन्ही एकदम, चार ट्रॉल्या. तेवढा मोकळा रस्ता मिळेना. मिळतोय असं वाटलं की समोरून काहीतरी यायचं. आणि मग लांब चढ सुरू झाला, रेघ भरीव झाली.

तो चढ मी विसरणार नाही. ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं चालले होते. मामा मागं, गिअर खाली, इंजिन कण्हतंय. गाडीत कुणी घड्याळ बघतंय, कुणी कपाळाला हात लावतंय. समीक्षा पिशवीची कड मुडपत होती. तेवढ्यात मागल्या ट्रॅक्टरवाल्यानं हात बाहेर काढला आणि हलवला, या, या, पुढं जा. आमच्याकडं ही रीतच आहे. पुढच्यानं हात दिला की मागच्यानं निघायचं. सगळे ड्रायव्हर त्या हातावर चालतात. एका जीपवाल्यानं आम्हाला आणि दोन्ही ट्रॅक्टरांना एका दमात मागं टाकलं आणि माथ्यावरून पलीकडं गेला. काही झालं नाही.

‘आता तरी काढा हो!’ मास्तर उठून उभे राहिले. ‘तो बिचारा हात देऊन राहिलाय!’

समीक्षा उठून केबिनच्या जाळीशी गेली. ‘बाबा, हात दिलाय त्यानं.’

‘दिसतंय मला.’

‘मग?’

‘त्याला माथ्याच्या पलीकडलं दिसून राहिलंय का? तो बी तितंच हाय, आपुन बी तितंच.’

‘बाबा, गेट बंद होईल.’

मामा माथ्याकडंच बघत राहिले. मानेवर घाम आला होता, थंडीतही. खरं सांगते, मलाही त्यांचा राग आला. मी ड्यूटीवर नसते तर मीसुद्धा ओरडले असते. मनात म्हटलं, एकदा, फक्त एकदा, पोरीसाठी. नियम काय देवानं दगडावर कोरलाय? पण गाडीत मास्तर होते, दोन बाळंतिणी होत्या, दवाखान्याला निघालेला एक म्हातारा होता. पोर त्यांची एकट्याची होती. गाडी सगळ्यांची होती.

समीक्षा रडायला लागली. आवाज न करता. मामांचा हात स्टिअरिंगवर एकदा उजवीकडं गेला, मी बघितलं. इंडिकेटरच्या दांडीपर्यंत बोटं गेली. तिथंच थांबली आणि परत आली.

आम्ही ट्रॅक्टरांच्या मागंमागं माथ्यावर पोचलो. पलीकडं रस्ता रिकामा होता. पार खालच्या वळणापर्यंत एक सायकलसुद्धा नाही. गाडीत जो काही आवाज झाला तो मला लिहवत नाही. मास्तर एवढंच म्हणाले, ‘बघा. काहीच नव्हतं.’ कुणी तरी समोरून यावं आणि मामा खरे ठरावेत, असं वाटून मला माझीच लाज वाटली. कुणी आलं नाही. पुढं वळण, मग अरुंद पूल, मग शाळेचं गाव. रेघ भरीवच. ट्रॅक्टर कारखान्याच्या फाट्याला वळले तेव्हा मामांनी गाडी पळवली, पण तेव्हा पळवून काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला.

नांदेडच्या स्टँडवर समीक्षा उतरून धावत रिक्षाकडं गेली. मामा केबिनमधून उतरले नाहीत. मी चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

दुपारी परतीची फेरी भरायला लागली तेव्हा ती आली. गेट बंद झालं होतं. आत सोडा म्हणून पाया पडली, पण तिथला माणूस तरी काय करणार? तोही नियमाचाच. ती त्याच सीटवर बसली. तोंड खिडकीकडं केलं. मामांनी एकदा मागं वळून बघितलं आणि आरसा पुसायला घेतला. मी दोनदा घंटी मारली.

त्याच चढाला आम्ही आता उलट्या बाजूनं लागलो. उन्हं कलली होती. मामा आपल्या पदरात, डावीकडं धरून. माथ्यावर आलो तर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर वर येत होता, आणि त्याच्यामागून एका जीपचं नाक आमच्या पदरात निघालेलं. ट्रॅक्टरवाल्याचा हात बाहेर होता. या, या.

मामांनी ब्रेक दाबला आणि गाडी डाव्या साइडपट्टीवर घेतली. खडी उडाली, बाया किंचाळल्या. जीपवाल्यानं आम्हाला बघितलं असावं, कारण नाक झटक्यात आत गेलं आणि जीप ट्रॅक्टरच्या मागं दडली. काही लागलं नाही. सगळं क्षणात झालं. जीपच्या खिडकीत दोन लेकरं दिसली, एकाच्या हातात कुरकुऱ्याची पुडी होती.

मामांनी गाडी उभी केली. मग समीक्षा उठली आणि जाळीशी आली.

‘आता समोरून येणारे आपुन होतो,’ ती म्हणाली.

‘हाव.’

‘सकाळी कुणी आलं असतं तर...’

‘आलं न्हाई बाई. कुणीच आलं न्हाई.’ मामांचा आवाज फुटला. ‘तुझी परीक्षा गेली माझ्या पायी. पहाटेच्या गाडीनं जाऊ द्यायला पायजे होतं तुला. चूक ती हाय माझी. ही न्हाई.’

समीक्षानं जाळीला डोकं टेकलं. ‘तुमचं बरोबर होतं, बाबा. पण मला लई राग येऊन राहिलाय तुमचा.’

‘येऊ दे,’ मामा म्हणाले. ‘राग घेऊन का होईना, घरी चल.’

मास्तर परतीच्या गाडीत नव्हते. असते तरी काय म्हणाले असते, कोण जाणे. मी डोळे पुसले, दोनदा घंटी मारली, आणि आमची वरात चढ उतरायला लागली.